‘तुमची प्रोफाइल या पदासाठी जड आहे’: कनिष्ठ पद मनापासून हवं असेल तर समोरच्याला ते कसं पटवायचं

‘तुमचा अनुभव या पदासाठी जास्त आहे’ असं उत्तर आलं की बहुतेक उमेदवार आपल्याला ही नोकरी किती हवी आहे हे आणखी जोर देऊन सांगू लागतात. त्याचा फारसा उपयोग होत नाही. आज तुम्हाला हे पद हवं आहे यावर समोरच्याचा विश्वास असतोच, अर्ज केलाय म्हणजे हवंच असणार. त्याला काळजी असते ती आठ महिन्यांनंतरची. तेव्हा तुम्ही इथे असाल का, त्याच कामात तुमचं मन असेल का, आणि तुमच्या वरिष्ठाशी तुमचं जमलेलं असेल का? या प्रश्नांची उत्तरं आश्वासनांनी मिळत नाहीत. ती तुमच्या आधीच्या वागण्यातून आणि रेझ्युमेपासून ऑफरपर्यंतच्या बारीकसारीक निवडींतून मिळतात.

हा लेख एकाच प्रकारच्या उमेदवारासाठी आहे: ज्या क्षेत्रात वरच्या पदावर काम केलं त्याच क्षेत्रात आता खालच्या पदावर, प्रत्यक्ष काम करायला ज्यांना जायचं आहे. क्षेत्रच बदलणाऱ्यांची अडचण वेगळी असते. आणि चांगलं काही मिळेपर्यंत तात्पुरती सोय म्हणून ज्यांना हे पद हवंय त्यांनी खालची वाक्यं उसनी घेऊ नयेत. त्यांनी कंत्राटी किंवा ठरावीक मुदतीची कामं पाहावीत, तिथे हा प्रश्न बहुधा येतच नाही.

मुद्दे हवेत राहू नयेत म्हणून एक काल्पनिक उमेदवार शेवटपर्यंत सोबत ठेवू. वय ३८, लेखा विभागात १३ वर्षं, त्यातली शेवटची ५ वर्षं फायनान्स मॅनेजर, हाताखाली ९ माणसं. आता अर्ज केलाय अकाउंट्स एक्झिक्युटिव्ह या पदासाठी. काम पुरवठादारांची बिलं, पेमेंट आणि खात्यांची जुळवणी. जाहिरातीत अनुभव मागितलाय २ ते ३ वर्षांचा, आणि पगार तिच्या शेवटच्या पगारापेक्षा साधारण ४५ टक्के कमी आहे.

नकार कोण देतं, आणि कशाच्या भीतीने

अर्ज सहसा तीन माणसांच्या हातातून जातो आणि तिघांची भीती वेगवेगळी असते. पहिला फोन करणाऱ्या रिक्रूटरला पगाराची चिंता असते. तीन आठवडे प्रक्रिया चालवून ऑफरच्या दिवशी उमेदवार ‘एवढ्यात नाही जमणार’ म्हणाला, तर त्याची मेहनत आणि मॅनेजरपुढची पत दोन्ही जाते. ज्याच्या हाताखाली काम करायचं तो मॅनेजर सोडून जाण्याला घाबरतो, कारण पुन्हा भरती आणि पुन्हा शिकवणं त्याच्याच माथी येतं. शिवाय तो उघडपणे बोलत नाही अशी आणखी एक भीती असते: आपल्यापेक्षा जास्त जाणणारा माणूस आपल्या प्रत्येक निर्णयावर मत देईल. तिसरा असतो एचआरचा माणूस. पदाची वेतनश्रेणी ठरलेली असते आणि त्याच पदावरच्या बाकीच्यांपेक्षा तुम्हाला जास्त देता येत नाही, हे त्याला माहीत असतं.

एकच उत्तर तिघांना चालत नाही. रिक्रूटरपुढे कामावरच्या प्रेमाबद्दल पाच मिनिटं बोलणारा उमेदवार त्याचा खरा प्रश्न तसाच ठेवून फोन ठेवतो.

पहिली पायरी: कारण लिहून काढा आणि त्याची परीक्षा घ्या

अर्ज करण्याआधी तीन वाक्यं कागदावर लिहा. या कामातलं नेमकं काय तुम्हाला हवंय? त्यासाठी काय जाणूनबुजून सोडताय? आणि हे आत्ताच का? आपल्या उमेदवाराची तीन वाक्यं अशी होतील: ‘खाती जुळवणं, फरक शोधून काढणं आणि पुरवठादारांशी बोलून तो मिटवणं हे काम मला आवडतं. गेली ५ वर्षं माझा दिवस मंजुऱ्या, भरती आणि बैठकांत जातो आणि ती वाट पुढे न्यायची नाही असं मी ठरवलंय. मागच्या वर्षी पुरवठादारांची जुनी खाती साफ करायचं काम मी स्वतःकडे घेतलं, तेव्हा हा निर्णय पक्का झाला.’

तिसऱ्या वाक्यात एक घडलेली गोष्ट आहे, आणि ती ही जाहिरात येण्याच्या आधीची आहे. कारणाला वजन येतं ते यामुळे. तुमच्याकडेही अशी गोष्ट शोधा: वरिष्ठ पदावर असूनही एखादं प्रत्यक्ष काम तुम्ही सोडलं नव्हतं, पदोन्नती नाकारली होती, भूमिका बदलून मागितली होती, किंवा एखादं साधन स्वतःच्या वेळेत शिकलात. असं काहीच सापडत नसेल तर आधी ते करा आणि अर्ज महिनाभर पुढे ढकला.

काही कारणं खरी असतात, पण ऐकणाऱ्याच्या कानात त्यांचा वेगळाच अर्थ उमटतो. ‘मला ताण कमी हवाय’ याचा अर्थ तो लावतो की महिनाअखेरीला हा माणूस उपयोगाचा नाही. ‘सध्या बाजार मंद आहे’ म्हणजे बाजार सुधारला की हा निघाला. कपातीत नोकरी गेली असेल तर ते एका सरळ वाक्यात सांगून टाका, त्यात लपवण्यासारखं काही नाही. मात्र त्यातून तुम्ही तिथून का निघालात एवढंच कळतं, इथे का यायचंय ते वेगळं सांगावंच लागतं. घरातली जबाबदारी किंवा तब्येत हे कारण असेल तर तपशील द्यायची गरज नाही. ‘मला ठरलेल्या वेळेचं काम हवंय’ एवढं पुरतं, पण त्या पदाच्या वेळा खरंच ठरलेल्या आहेत याची आधी खात्री करून घ्या.

आता परीक्षा. स्वतःला दोन प्रश्न विचारा. ही नोकरी लागल्यावर तीन महिन्यांनी जुन्या कंपनीने जुन्या पगारावर परत बोलावलं, तर जाल का? आणि याच कंपनीत मॅनेजरचं पद रिकामं झालं, तर अर्ज कराल का? पहिल्याचं उत्तर ‘हो’ असेल तर मालकाची भीती खरी आहे आणि ती घालवायचा प्रयत्न करणं म्हणजे फसवणूक होईल. दुसऱ्याचं उत्तर ‘कदाचित, दोन वर्षांनी’ असं असलं तरी चालतं, फक्त तेच उत्तर मुलाखतीतही द्यायची तयारी हवी.

हात गंजले आहेत का, ते तपासा

‘अनुभव जास्त’ या शब्दांमागे कित्येकदा एक वेगळीच शंका दडलेली असते, आणि ती रास्त असते. पाच वर्षं दुसऱ्यांचं काम तपासणाऱ्या माणसाला ते काम स्वतः, तितक्याच वेगाने जमेल का? वरिष्ठ उमेदवार कनिष्ठ पदासाठी एकाच वेळी जास्त आणि कमी, दोन्ही ठरू शकतो. कमीची बाजू भरून काढली की जास्तीची भीती निम्मी उतरते, कारण जो माणूस प्रत्यक्ष कामाचा सराव करून आलाय त्याला ते काम करायचंय हे वेगळं सांगावं लागत नाही.

जाहिरातीत लिहिलेली कामं एकेक करून वाचा आणि प्रत्येकापुढे लिहा: हे मी शेवटचं स्वतःच्या हाताने कधी केलं? दोन वर्षांपेक्षा जुनं उत्तर असेल तिथे सराव हवा. आपल्या उमेदवाराला बँक जुळवणी चार वर्षांत स्वतः करावी लागलेली नाही. तिने साधारण २०० नोंदींचं नमुना बँक स्टेटमेंट आणि तितक्याच नोंदींचं खातं तयार करावं, कुणाला तरी त्यात चुका पेरायला सांगावं, आणि घड्याळ लावून त्या शोधाव्यात. न वटलेला धनादेश, बँकेचे शुल्क, दोनदा चढलेलं बिल, आकड्यांची अदलाबदल, असे चार-पाच प्रकार पुरेत. शेजारच्या दोन अंकांची अदलाबदल झाली की फरकाला ९ ने पूर्ण भाग जातो (५४०० च्या जागी ४५०० लिहिले तर फरक ९००), ही खूण कामात असणाऱ्याला चटकन आठवते आणि नसणाऱ्याला थांबून आठवावी लागते. दोन-तीन आठवड्यांत असे पाच-सहा संच केले की मुलाखतीत बोलताना भाषा आपोआप बदलते. ‘माझी टीम जुळवणी करायची’ याऐवजी ‘मी आधी रक्कम जुळवते, मग तारीख, आणि उरलेल्या नोंदी वेगळ्या काढते’ असं तोंडून निघतं.

पगाराचा हिशोब फोन येण्याआधी

तुमचा किमान आकडा अर्जाआधी ठरलेला हवा. मागच्या सहा महिन्यांचा खरा खर्च काढा, त्यात हप्ते, विमा आणि वर्षातून एकदा येणारे खर्च महिन्यावर विभागून धरा, आणि जाहिरातीतल्या श्रेणीच्या मध्याशी ताडून पाहा. दर महिन्याला बचतीतून भर घालावी लागणार असेल तर ती बचत किती महिने पुरते, तेही लिहा. बचत वर्षभरही पुरत नसेल तर हे पद तुम्हाला परवडणारं नाही, आणि रिक्रूटरची शंका बरोबर आहे.

हिशोब जमत असेल तर तो एका वाक्यात बोलायचा असतो: ‘या पदाची श्रेणी मी पाहिली आहे, घरच्या खर्चाचा हिशोब केलाय आणि त्या श्रेणीच्या मध्यावर मी समाधानी असेन.’ घरखर्चाचे तपशील कुणाला नको असतात, हिशोब झालाय एवढंच कळायला हवं असतं. ‘पगाराचं काही नाही, कितीही द्या’ हे मात्र कधी म्हणू नका. ते ऐकणाऱ्याला एकतर खोटं वाटतं किंवा अगतिक, आणि दोन्ही वेळा त्याचा निष्कर्ष एकच निघतो की हा फार दिवस टिकणार नाही.

जुना पगार विचारला तर खरा सांगा. काही देशांत आणि अमेरिकेच्या काही राज्यांत तो विचारायलाच कायद्याने मनाई आहे, पण विचारला गेला आणि तुम्ही सांगायचं ठरवलंत तर आकडा फिरवू नका. पगाराच्या पावत्या पुढे मागितल्या जाऊ शकतात. आकडा सांगून झाला की लगेच वरचं वाक्य जोडा, तो एकटा सोडू नका.

रेझ्युमे: लपवायचं नाही, क्रम बदलायचा

इथे सर्वांत जास्त चुका होतात, आणि त्या दोन टोकांच्या असतात. एक टोक म्हणजे वरिष्ठ पदासाठी बनवलेला रेझ्युमे तसाच पाठवणं. दुसरं टोक म्हणजे पदांची नावं खाली आणणं: ‘फायनान्स मॅनेजर’च्या जागी ‘अकाउंटंट’ लिहिणं. दुसरी चूक जास्त महागात पडते. पार्श्वभूमी तपासणीत अनुभवपत्रावरचं पदनाव आणि तारखा ताडून पाहतात, आणि तफावत निघाली तर हातात आलेली ऑफर मागे घेतली जाऊ शकते. शेवटची पाच वर्षं गाळून टाकणंही जमत नाही, कारण तिथे रिकामी जागा दिसते आणि ती जास्तीच्या अनुभवापेक्षाही अधिक संशय निर्माण करते.

पदनाव आणि तारखा जशाच्या तशा ठेवून बाकी सगळं बदलता येतं. सुरुवातीच्या दोन ओळींत तुम्हाला काय हवंय ते लिहा: ‘लेखा क्षेत्रातला १३ वर्षांचा अनुभव. व्यवस्थापनातून जाणीवपूर्वक बाहेर पडून पुरवठादार खाती आणि जुळवणीच्या प्रत्यक्ष कामात परत येत आहे.’ हे वाक्य नसेल तर वाचणारा पदनाव पाहतो, हा अर्ज चुकून आला असावा असं समजतो आणि पुढे सरकतो.

मग प्रत्येक नोकरीखालचे मुद्दे. मूळ रेझ्युमेत लिहिलेलं असतं, ‘९ जणांच्या टीमचं नेतृत्व, तीन विभागांच्या वार्षिक अंदाजपत्रकाची जबाबदारी, नव्या प्रणालीच्या अंमलबजावणीचं नियोजन.’ त्याच पाच वर्षांबद्दल हेही तितकंच खरं असू शकतं: ‘सुमारे ६० पुरवठादारांच्या जुन्या खात्यांची स्वतः जुळवणी करून प्रलंबित फरक मिटवले; महिनाअखेरीच्या नोंदी स्वतः तपासल्या; नव्या प्रणालीत बिल नोंदणीची चाचणी केली. (९ जणांची टीम.)’ टीम लपवलेली नाही, ती शेवटी एका कंसात गेली आहे. जे केलंच नाही ते मात्र लिहू नका. मॅनेजरचा पहिला प्रश्न त्याच मुद्द्यावर येतो.

पंधरा वर्षांपूर्वीच्या नोकऱ्या एका ओळीत आटपल्या तरी चालतं. पदाला न लागणारी वरची पदवी शेवटी, साध्या अक्षरात टाका. रेझ्युमेतून ती गाळली तर ते खोटं ठरत नाही, पण अर्जाच्या फॉर्ममध्ये सर्व शिक्षण भरायला सांगितलं असेल तर तिथे ती भरायलाच हवी. आणि रेझ्युमे दोन पानांच्या वर जाऊ देऊ नका. २ वर्षांचा अनुभव मागणाऱ्या पदासाठी चार पानं आली की वाचायच्या आधीच प्रोफाइल जड वाटते.

दोन गोष्टी रेझ्युमेच्या बाहेर असतात आणि सगळी मेहनत वाया घालवतात. पहिली, लिंक्डइनवरची ओळ. तिथे ‘नेतृत्वाच्या संधीच्या शोधात’ असं अजून लिहिलेलं असेल तर रेझ्युमेवर कुणी विश्वास ठेवणार नाही. दुसरी, त्याच कंपनीत त्याच महिन्यात मॅनेजर पदासाठी केलेला अर्ज. भरतीच्या सॉफ्टवेअरमध्ये एका उमेदवाराचे सगळे अर्ज सहसा एकाच ठिकाणी दिसतात. दोन वेगळ्या पायऱ्यांवरचे अर्ज शेजारी दिसले की मग कोणतंही स्पष्टीकरण पुरत नाही.

अर्जासोबतच्या पत्रात कुठे आणि किती

पत्राची सुरुवात खुलाशाने करू नका. पहिल्या परिच्छेदात कामाबद्दल बोला, म्हणजे जाहिरातीतली दोन कामं घ्या आणि ती तुम्ही कशी केलीत ते सांगा. खुलासा दुसऱ्या परिच्छेदात, चार-पाच वाक्यांचा:

‘माझं शेवटचं पद या पदापेक्षा वरचं होतं, हे आपल्या लक्षात आलंच असेल. मागच्या वर्षी पुरवठादारांची जुनी खाती मी स्वतः साफ केली, तेव्हा मला याच कामात राहायचं आहे हे स्पष्ट झालं. त्यामुळे मी सध्या फक्त प्रत्यक्ष लेखाकामाच्या पदांसाठीच अर्ज करत आहे. पदाची वेतनश्रेणी मी पाहिली आहे आणि ती मला मान्य आहे. आपली एखादी कामाची चाचणी असेल तर ती द्यायला मला आवडेल.’

शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे. अनुभवी उमेदवारांना चाचणी मागितली की अनेकांना ते कमीपणाचं वाटतं, हे भरती करणाऱ्यांनी पाहिलेलं असतं. तुम्ही ती आपणहून मागितलीत तर हाताच्या सरावाची आणि अहंकाराची, अशा दोन्ही शंकांना एकदम उत्तर मिळतं.

मुलाखत

रिक्रूटरच्या फोनवर कारणाची तीन वाक्यं आणि पगाराचं एक वाक्य, एवढं अर्ध्या-पाऊण मिनिटात सांगा आणि थांबा. उत्तर लांबलं की समर्थन केल्यासारखं वाटतं. खरी परीक्षा मॅनेजरसमोर असते.

एक प्रश्न जवळजवळ नक्की येतो: ‘हे काम रोज तेच ते आहे. तुम्हाला कंटाळा नाही येणार?’ ‘नाही, मुळीच नाही’ हे उत्तर कुणालाच पटत नाही. त्याऐवजी कामातल्या तोचतोचपणाचं तुम्ही काय करता ते सांगा. ‘दर महिन्याला तेच काम असतं, हे खरं. पण एकाच पुरवठादाराचा फरक तिसऱ्यांदा निघाला की त्याच्यामागे कारण असतं, आणि ते शोधायला मला आवडतं. मागच्या वेळी एका पुरवठादाराच्या परत गेलेल्या मालाच्या नोंदी आमच्याकडे दोन महिने उशिरा येत होत्या.’ इतकं बारीक उत्तर त्यालाच देता येतं ज्याचं लक्ष खरंच त्या कामात आहे.

दुसरा प्रश्न जास्त नाजूक असतो. मॅनेजर तिशीची आहे असं समजा. ‘तुम्ही मला रिपोर्ट कराल. माझा अनुभव तुमच्या निम्मा आहे. चालेल ना तुम्हाला?’

‘माझा इगो नाही’ असं म्हणायचं नाही. एक घडलेला प्रसंग सांगायचा, आणि पुढे वागायची पद्धत सांगायची. ‘हो मॅडम. आमच्याकडे सॉफ्टवेअर बदललं तेव्हा टीममधल्या सगळ्यात नव्या मुलाकडून मी ते शिकले. पहिले काही आठवडे माझ्या नोंदी तो तपासायचा आणि चुकल्या तर परत पाठवायचा. इथे एखादी पद्धत मला वेगळी वाटली तर मी ती तुम्हाला एकदा, सगळ्यांसमोर नव्हे, विचारेन. तुम्ही ठरवलंत की तसंच करेन.’ मॅनेजरला भीती असते ती सगळ्यांसमोर खोडून काढलं जाण्याची. त्या एका शब्दसमूहाने, ‘सगळ्यांसमोर नव्हे’, तिची काळजी तुम्हाला कळली आहे हे तिला समजतं. असा प्रसंग तुमच्या बाबतीत घडलेला नसेल तर रचून सांगू नका, पद्धत तेवढी सांगा.

तिसरा प्रश्न: ‘किती दिवस राहाल?’ कायमचं राहीन असं कुणी सांगू शकत नाही, आणि ऐकणाऱ्यालाही ते माहीत असतं. वर्षांऐवजी कामाच्या चक्रात उत्तर द्या. ‘दोन वार्षिक क्लोजिंग या खुर्चीवरून करायचे असं धरून मी आले आहे. त्या काळात मी मॅनेजर पदांसाठी अर्ज करणार नाही, इथेही नाही.’ कनिष्ठ पदावरचा कोणताही माणूस दोन-तीन वर्षांत पुढे जाऊ शकतो, हे मॅनेजरने धरलेलं असतं. तिला तुमच्याकडून त्याहून जास्त नको असतं, त्याहून कमीही नको असतं. अर्थात, जे पाळायचं नाही ते बोलायचं नाही.

मुलाखत बिघडते ती या प्रश्नांत कमी आणि मधल्या गप्पांत जास्त. मॅनेजर त्यांच्या पेमेंट मंजुरीची पद्धत सांगते, आणि तुमच्या तोंडून सहज निघतं, ‘अच्छा, आम्ही हे तीन टप्प्यांवरून एका टप्प्यावर आणलं होतं, तुम्हीही आणू शकता.’ हेतू चांगला असतो, पण त्या क्षणी तुम्ही तिच्या शेजारच्या खुर्चीत जाऊन बसता. त्याऐवजी प्रश्न विचारा: ‘तिसऱ्या टप्प्यावर माझ्याकडून कोणती कागदपत्रं लागतील?’ ‘हे तर मी डोळे मिटून करेन’, ‘तुम्हाला माझ्या अनुभवाचा फुकटात फायदा होईल’, ही वाक्यंही अशीच. तुमचा अनुभव त्यांना फायद्याचा आहे हे खरं असेल, पण त्यांनी विकत घ्यायला काढलेली वस्तू ती नाही.

तुमचे प्रश्नही ऐकले जातात. बढती कधी होते, धोरणात सहभाग असतो का, हे विचारलंत तर आधीची सगळी उत्तरं पुसली जातात. पहिल्या महिन्यात टेबलावर कोणती बिलं येतील, कामाची तपासणी कोण करेल, चूक सापडली तर कुणाला आणि कशी कळवायची, महिनाअखेरीला शेवटची मुदत कोणत्या दिवशी असते, हे विचारा. मनातल्या मनात त्या खुर्चीवर आधीच बसलेला माणूसच असे प्रश्न विचारतो, आणि मॅनेजर तुमचं नाव घेताना सहसा हेच प्रश्न सांगते.

बोलताना ‘आम्ही’ कमी आणि ‘मी’ जास्त वापरा. मोठ्या पदावर ‘आम्ही’ म्हणणं सवयीचं होतं, पण इथे त्या ‘आम्ही’त तुमच्या हातचं काम किती होतं ते ऐकणाऱ्याला कळत नाही.

संदर्भ देणाऱ्या माणसाला आधी फोन करा

ही पायरी लोक विसरतात. तुमचे जुने संचालक फोनवर मनापासून म्हणतात, ‘त्या? त्या तर अख्खा विभाग चालवायच्या! तुम्ही नशीबवान आहात.’ पलीकडचा माणूस फोन ठेवतो आणि आधीची भीती परत जागी होते. शक्य असेल तर अशा व्यक्तीचं नाव द्या जिने तुम्हाला प्रत्यक्ष काम करताना किंवा दुसऱ्याच्या सांगण्यावरून काम करताना पाहिलंय, आणि तिला आधी फोन करून तीन गोष्टी सांगा: पद कोणतं आहे, तुम्ही ते का निवडलंत, आणि तुमच्या कोणत्या कामाबद्दल बोललं तर उपयोग होईल. काय बोलायचं ते तिच्या तोंडी घालू नका. पद कनिष्ठ आहे हे तिला आधी कळलं तरी ती आपोआप योग्य आठवण निवडते.

ऑफर आली तर, नाही आली तर

ऑफर श्रेणीत असेल तर दोन दिवसांच्या आत होकार द्या. पदनाव मोठं करून मागू नका. तीन महिन्यांनी पगाराचा फेरविचार करण्याची अटही घालू नका, कारण तुम्ही हे पद म्हणजे पायरी समजता हे त्यातून उघड होतं. काही मागायचंच असेल तर एकच मागा, आणि ते कामाच्या वेळेशी किंवा रुजू होण्याच्या तारखेशी संबंधित असू द्या. हा संयम कायमचा नसतो. नेहमीच्या वार्षिक आढाव्यात इतरांसारखी वाढ मागायला काहीच हरकत नाही.

नकार आला आणि त्यात पुन्हा ‘अनुभव जास्त’ असेल, तर वाद घालू नका, पण एकदा विचारा: ‘नेमकी कोणती काळजी वाटली हे कळलं तर मला उपयोग होईल. पगार, टिकणं की टीममध्ये बसणं?’ तीन पर्याय देऊन विचारलं तर उत्तर मिळण्याची शक्यता वाढते. टिकण्याची शंका आली असेल तर तुमचं कारण कमी पडलं, आणि पुढच्या अर्जाआधी त्यातलं तिसरं, घडलेल्या गोष्टीचं वाक्य आणखी ठोस करा. टीममध्ये बसण्याची शंका असेल तर मुलाखतीत तुम्ही सल्ला कुठे दिलात ते आठवून पाहा. पण कंपनीत त्याच पदावरच्या लोकांमध्ये पगाराचं गणित बिघडेल असं सांगितलं असेल, किंवा वयाची कुजबुज असेल, तर तिथे कोणतंही वाक्य चालणार नाही. वेळ पुढच्या अर्जावर घालवा. बाकी दोन कारणांनी नकार मिळालेल्या ठिकाणी तसंच पद पुन्हा निघालं तर जरूर अर्ज करा. तुमचा जुना अर्ज त्यांच्या नोंदीत असतो, आणि सहा महिन्यांनंतरही कारण तेच आहे, पायरी तीच आहे, हे मॅनेजरला तिथेच दिसतं.